गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी : भाडं, धुराची वाट आणि भिंतीत जाणारा पैसा

मैत्रिणींनो, चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यात किंवा इकडे भोसरी, चिखली, तळवडेकडे गटाने खानावळ काढायची म्हटली की पहिली बोलणी भाड्याची होतात. "वीस म्हणतोय, अठरावर आणू." भाडं बघायलाच हवं. पण खानावळीचा गाळा कापडदुकानाच्या गाळ्यासारखा नसतो. कापडवाली उद्या गाळा सोडायचा म्हणाली तर गाठोडी बांधून टेम्पोत टाकते आणि निघते. खानावळीत आपण ओटा बांधतो, भिंतीला फरशा लावतो, मोरी काढतो, भिंतीला भोक पाडून धुराची चिमणी गच्चीपर्यंत नेतो. हा पैसा दुसऱ्याच्या भिंतीत जातो. जाताना तो उचलून नेता येत नाही.

म्हणून करार वाचताना दोन प्रश्न डोक्यात ठेवायचे. या गाळ्यात कायदेशीरपणे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीशिवाय चूल पेटेल का? आणि भिंतीत घातलेला पैसा वसूल होईपर्यंत गाळा आपल्या ताब्यात राहील का? बाकीच्या अटी या दोनांच्या मागून येतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, तुमच्या गावचे आकडे घालून हाच हिशोब तुम्ही करा.

समजा, दहा जणींच्या एका गटाला कंपनीच्या गेटापासून चालत पाच मिनिटांवर गाळा मिळतोय. इमारत तळमजला अधिक दोन. खाली गाळे, वर कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, जशा आपल्याकडे जागोजागी आहेत. भाडं २०,००० रुपये, अनामत एक लाख. मालक म्हणतात, "ताई, अकरा महिन्यांचा करार करू. सगळे तसाच करतात. संपला की परत नवा."

गटाने खर्चाचा अंदाज काढला तो असा. ओटा, फरशा, मोरी आणि तेलकट पाण्याची कुंडी मिळून ६०,०००. वायरिंग २५,०००. धुरासाठी हूड आणि ब्लोअर ५०,०००, आणि तो धूर वर नेणारा पत्र्याचा डक्ट ३५,०००. टेबलं, भांडी, फ्रिज ७०,०००. एकूण २,४०,००० रुपये.

आता यातलं जाताना बरोबर काय येईल? भांडी, टेबलं, फ्रिज येतील. हूड आणि ब्लोअर नटबोल्ट काढून येतील. ओटा, फरशा, मोरी, वायरिंग तिथेच राहणार. डक्ट पण राहिल्यातच जमा, कारण तो त्या इमारतीच्या मापाने बनलेला असतो, दुसरीकडे बसत नाही. म्हणजे ६० अधिक २५ अधिक ३५, असे १,२०,००० रुपये भिंतीत गेले.

हे १,२०,००० अकरा महिन्यांवर वाटले तर महिन्याला सुमारे १०,९०० पडतात. छत्तीस महिन्यांवर वाटले तर ३,३३३. म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात आपलं खरं भाडं २०,००० नाही, जवळजवळ ३१,००० आहे. तीन वर्षांच्या करारात ते २३,३३३ आहे. महिन्याचे २६ दिवस खानावळ चालते आणि एका थाळीमागे किराणा, भाजी, गॅस, मजुरी जाऊन भाड्यासाठी १५ रुपये उरतात असं धरा. तीन वर्षांच्या करारात भाडं निघायला रोज ६० थाळ्या लागतात. अकरा महिन्यांच्या करारात रोज ८० लागतात. जेवण तेच, गाळा तोच, फक्त कागदावरच्या मुदतीमुळे रोजच्या वीस थाळ्या वाढल्या. भाड्यात दोन हजार कमी करून घेण्यापेक्षा मुदत वाढवून घेणं कितीतरी फायद्याचं, ते यासाठी.

"पण अकरा महिने संपल्यावर परत करारच करणार आहोत की," असं मालक म्हणतील, आणि मनापासून म्हणत असतील. तरी अकराव्या महिन्यात खानावळ चांगली चालत असेल, तर बोलणी करताना त्यांच्या हाती आपले १,२०,००० अडकलेले असतात. "आता तीस हजार" म्हणाले तर आपण सोडून जाऊ शकत नाही. म्हणून पैसा घालायच्या आधी मुदत मागायची. नंतर मागायला आपल्या हातात काही उरत नाही.

अकरा महिन्यांचा हा रिवाज आला कुठून? नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायला लोक अकरा महिने लिहितात, शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करतात आणि काम झालं समजतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ हे जिथे तो कायदा लागू आहे तिथे सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो की पाच. नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे गटातल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं. गाळा गावच्या हद्दीत असला तरी तीन वर्षांचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या.

नोंदणीचा खर्च फार येईल ही भीती असते. आपल्या उदाहरणात बघू. पहिल्या वर्षी २०,०००, दरवर्षी ५ टक्के वाढ, म्हणजे दुसऱ्या वर्षी २१,००० आणि तिसऱ्या वर्षी २२,०५०. तीन वर्षांचं भाडं ७,५६,६०० झालं. परत मिळणाऱ्या एक लाखाच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून तीन वर्षांचे ३०,००० त्यात मिळवायचे. ७,८६,६०० झाले. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडतं, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. वर नोंदणी फी, शहरी हद्दीत हजार आणि ग्रामीण हद्दीत पाचशे. करार लिहिणाऱ्याची मजुरी वेगळी. भिंतीत १,२०,००० घालणाऱ्या गटाला हा खर्च जड नाही. कोण किती देणार तेवढं आधी ठरवून घ्या, बहुतेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटतात.

भाडेवाढीच्या ओळीकडे बोट ठेवून वाचा. "दर अकरा महिन्यांनी दहा टक्के" असं लिहिलं असेल तर छत्तीस महिन्यांत तीनदा वाढ बसते, ३४व्या महिन्यापासून २६,६२० होतात. "दर बारा महिन्यांनी पाच टक्के" हे वेगळं गणित आहे. गाळ्याचं माप टेपने स्वतः घ्या. चारशे फूट सांगितलेला गाळा आतून तीनशे भरतो, कारण जिन्याचा आणि पडवीचा भाग त्यात धरलेला असतो. पाणी, घरपट्टी आणि वीज कोणाची हेही लिहून घ्या. मालक सबमीटर लावून देणार असतील तर युनिटचा दर करारात हवा.

आता धुराकडे येऊ. याबद्दल करारात बहुतेक वेळा एक ओळसुद्धा नसते, आणि खानावळ बंद पडते ती बऱ्याचदा इथेच.

गाळा बघायला जाल तेव्हा समोरून बघून परत येऊ नका. मागे जा, बाजूच्या बोळात जा, गच्चीवर जा. आधी तिथे वडापाव किंवा खानावळ होती का विचारा. मागच्या भिंतीवर भोकाच्या वर काळा, तेलकट पट्टा असेल तर धूर तिथूनच भिंतीला घासत वर जात होता. त्या पट्ट्याच्या रेषेत कोणाची खिडकी आहे ते बघा आणि त्या खोलीतल्या माणसांना सरळ विचारा, "दादा, आधीच्या खानावळीचा त्रास व्हायचा का?" आपल्या भागात वर राहणारे कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपतात. सकाळी अकराला मिरचीची फोडणी त्यांच्या खिडकीतून आत गेली तर ते मालकाकडे जाणारच, त्यांचं काही चुकत नाही. आधीची खानावळ का बंद झाली, याचं खरं उत्तर मालकापेक्षा वरच्या खोलीत आणि शेजारच्या पानटपरीवर लवकर मिळतं.

धूर न्यायला किती मोठी वाट लागते, याचा अंदाज आपल्याला हवा, नाहीतर "पाइप टाकून घ्या की" एवढ्यावर बोलणं संपतं. दोन शेगड्या आणि भाकरी-चपातीचा तवा असा सहा फुटी ओटा धरू. त्यावर हूड सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे अठरा चौरस फूट. हूड शेगड्यांच्या कडेपासून सगळीकडून अर्धा फूट तरी बाहेर यायला हवा, नाहीतर धूर बाजूने निसटतो. धूर ओढला जायचा तर हूडच्या तोंडाशी हवा मिनिटाला सुमारे शंभर फूट वेगाने आत जायला हवी. अठरा गुणिले शंभर, म्हणजे मिनिटाला १,८०० घनफूट हवा. ब्लोअरवाल्याला हाच आकडा सांगायचा. तो त्याला सीएफएम म्हणतो.

एवढी हवा न्यायला डक्ट फूटभर रुंद आणि फूटभर उंच, असा चौकोनी लागतो. मालक जो सहा इंची पाइप सुचवतात, त्याचं तोंड याच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं. त्यातून ही हवा जात नाही. भिंतीत बसवायचा साधा एक्झॉस्ट पंखाही इथे कामाचा नाही. तो समोरच्या मोकळ्या हवेत धूर फेकू शकतो, पण तीस-पस्तीस फूट डक्टमधून वर ढकलायला ब्लोअरच लागतो. म्हणजे करारात ज्याची परवानगी घ्यायची ते "एक पाइप" नाही. भिंतीला फूट-सव्वा फुटाचं भोक, मागच्या भिंतीवर दोन मजले उंच पत्र्याचा डक्ट, आणि गच्चीवर आवाज करणारी मोटर, या तिन्हींची परवानगी घ्यायची आहे.

डक्टचं वरचं टोक गच्चीच्या कठड्याच्या वर तीन-चार फूट न्यावं, म्हणजे वारा फिरला तरी धूर वरच्या खिडकीत शिरत नाही. वाटेत वळणं जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक वळणावर ब्लोअरची ताकद खर्च होते आणि तेल साचतं. आडवा डक्ट लांब असेल तर त्याला हूडकडे थोडा उतार आणि मध्ये साफ करायला झाकण हवं. आत साचलेलं तेल हीच आगीची जागा असते. कढईचा भडका उडाला की ज्वाळा आधी हूडच्या जाळीत आणि मग डक्टमध्ये जाते. जाळी दर आठवड्याला गरम पाणी आणि सोड्याने धुवावी लागते, हे काम आपलं.

आणखी एक गोष्ट कारागीरसुद्धा विसरतात. जितकी हवा बाहेर जाते तितकीच आत यावी लागते. एका शटरचा, मागे खिडकी नसलेला गाळा असेल आणि पावसात शटर अर्धं ओढलं, तर ब्लोअर चालू असूनही धूर आतच फिरतो, गॅसची ज्योत एका बाजूला वाकते. बसवल्यावर तपासायला सोपं आहे. शटर नेहमीइतकं उघडं ठेवून हूडच्या चारही कडांखाली पेटती उदबत्ती धरा. धूर हूडमध्ये वळला तर काम बरोबर. बाहेर आला तर हवा यायला जाळीची खिडकी काढावी लागेल, आणि त्या खिडकीचीही परवानगी करारात हवी.

परवानगी देणारं कोण, हा पुढचा प्रश्न. मागच्या भिंतीला लागून बोळ आहे, तो मालकाचा आहे की शेजारच्या प्लॉटचा? शेजाऱ्याच्या जागेवर लोंबणारा डक्ट तो कधीही काढायला लावू शकतो, किंवा उद्या तिथे स्वतःची भिंत चढवू शकतो. पिंपरी-चिंचवडमध्ये गाळा एखाद्या सोसायटीच्या इमारतीत असेल, तर बाहेरची भिंत आणि गच्ची सगळ्यांची सामाईक असते. गाळामालकाने एकट्याने "टाका बिनधास्त" म्हणून चालत नाही, सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र लागतं. ते मालकाने आणून द्यायचं, आणि सही करायच्या आधी.

करारात हे साध्या मराठीत लिहून घेता येतं. असं काहीसं : "सदर गाळा खानावळ चालवण्यासाठी, गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करण्यासाठी दिला आहे. भाडेकरूने मागील भिंतीस सव्वा फूट बाय सव्वा फूट भोक पाडून तेथून गच्चीपर्यंत धुराचा डक्ट नेण्यास व गच्चीवर ब्लोअर बसवण्यास मालकाची संमती आहे. सोबतच्या नकाशात जागा दाखवली आहे. साफसफाई व दुरुस्तीसाठी भाडेकरूस गच्चीवर जाता येईल." नकाशा वहीच्या पानावर हाताने काढलेला चालतो, फक्त त्यावर दोघांच्या सह्या हव्यात आणि तो कराराला जोडलेला हवा. "व्यापारी वापरासाठी" एवढंच लिहू देऊ नका. व्यापारी वापरात किराणा दुकानही येतं. उद्या मालकच म्हणतील, मी दुकानाला दिला होता, भटारखान्याला नाही.

त्याच्या खाली दुसरी ओळ हवी : "शेजारी, सोसायटी किंवा शासकीय कार्यालयाच्या हरकतीमुळे भाडेकरूचा दोष नसताना डक्ट बसवता आला नाही किंवा काढावा लागला, तर भाडेकरूस तीस दिवसांच्या नोटिशीने गाळा सोडता येईल, लॉक-इन लागू राहणार नाही व अनामत पूर्ण परत मिळेल." "दोष नसताना" हे शब्द न्यायाचे आहेत. आपण जाळी धुतली नाही, डक्ट गळू दिला आणि म्हणून तक्रार आली, तर ती जबाबदारी मालकावर ढकलता येणार नाही.

वर लॉक-इन हा शब्द आला. त्याचा अर्थ, ठरलेले महिने कोणी करार मोडायचा नाही. छापील करारात तो बहुतेक एकाच बाजूने असतो. भाडेकरूने वर्षभर सोडायचं नाही, सोडलं तर उरलेलं भाडं भरायचं, आणि मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतात. आपल्याला हे उलट हवं. पैसा आपण घालतोय, म्हणून मालकासाठी लॉक-इन पूर्ण छत्तीस महिने असावं, फक्त भाडं थकलं किंवा अटी मोडल्या तरच नोटीस. आपल्यासाठी सहा महिने पुरे, म्हणजे धंदा चालला नाही तर सुटता येतं. मालक छत्तीसला तयार नसतील तर चोवीसवर या आणि वरचा थाळीचा हिशोब चोवीसने परत करा. महिन्याला पाच हजार भिंतीचे पडतील. ते झेपत असेल तर घ्या.

इमारतच अधिकृत आहे का, हे बघितल्याशिवाय यातल्या कुठल्याही ओळीला अर्थ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीत हजारो अनधिकृत शेड आणि बांधकामं पाडली. तिथे भाड्याने बसलेल्या लोकांनीही आपापल्या शेडमध्ये पैसा घातलेला होता. आपल्या चाकण भागात रस्त्यालगतची पत्र्याची शेडं पुष्कळ आहेत, आणि गेट समोर, रस्ता समोर म्हणून तीच जागा आपल्याला आवडते. पुणे-नाशिक किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याला लागून गाळा असेल, तर रस्ता रुंदीकरणाची खूण तिथून जाते का ते विचारा.

मालकाकडे मागायचे कागद असे : गावात असेल तर सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात असेल तर मिळकतकराची पावती, आणि दोन्हीकडे बांधकाम परवानगी. घरपट्टीची पावती आहे म्हणजे बांधकाम अधिकृत आहे असं नाही, कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. परवानगी कोणाची, तर शहरात महापालिकेची, चाकण गावठाणात नगरपरिषदेला विचारायचं, आजूबाजूच्या गावांत पीएमआरडीएला, आणि एमआयडीसीच्या प्लॉटवर एमआयडीसीलाच. एमआयडीसीचा प्लॉट कारखानदाराला भाडेपट्ट्याने दिलेला असतो. त्यातला कोपरा तो खानावळीला परस्पर देऊ शकत नाही, त्याला एमआयडीसीची परवानगी काढावी लागते. सातबारावर तीन भावांची नावं असतील आणि सही एकच भाऊ करत असेल, तर बाकीच्या दोघांची संमती घ्या. वाटणीचे वाद आपल्याकडे जमिनीच्या किमतीबरोबरच वाढलेत.

भाडं सुरू कधी होणार, या तारखेवरही बोला. चावी मिळाल्यापासून ओटा, फरशा, डक्ट, वीज होईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. तेवढ्या दिवसांत एक थाळीही विकली जात नाही. म्हणून पहिले पंचेचाळीस दिवस बिनभाड्याचे मागा. पंचेचाळीस नाही तर तीस. आणि ते दिवस वीजजोडणी आणि भिंत फोडायची परवानगी हातात आल्यापासून मोजायचे, सही केल्यापासून नाही.

जाताना काय न्यायचं आणि काय ठेवायचं, याची यादी कराराला जोडा. हूड, ब्लोअर, जाळ्या, पंखे, सिंक, शेल्फ ही आपली. ओटा, फरशा, मोरी मालकाची. यादी नसेल तर भिंतीला लागलेली प्रत्येक वस्तू मालकाची, असा वाद होतो. छापील करारात अजून एक वाक्य सापडेल : "गाळा पूर्वी होता तसा करून द्यावा." ते वाचायला साधं वाटतं, पण त्याचा अर्थ ओटा फोडा, फरशा काढा, भोक बुजवा, रंग द्या, आणि हे सगळं आपल्या खर्चाने. ती ओळ खोडून "संमतीने केलेलं बांधकाम आहे त्या स्थितीत राहील, भाडेकरू फक्त भोक बुजवून देईल" असं लिहून घ्या. अनामत चावी दिल्याच्या दिवशीच परत, कापायचं असेल तर बिलासह, हेही तिथेच.

शेवटची गोष्ट खास आपल्या गटांची. आपले बहुतेक बचत गट नोंदणीकृत संस्था नसतात, त्यामुळे करार गटाच्या नावावर होत नाही, व्यक्तींच्या नावावर होतो. एकट्या अध्यक्षाताईंच्या नावावर करू नका. तिघींची नावं घाला. त्याआधी गटाच्या बैठकीत ठराव लिहा की अनामत आणि सामान गटाचं आहे, या तिघी फक्त सही करणाऱ्या आहेत, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. तिघींपैकी एक लग्नाने किंवा बदलीने गावाबाहेर गेली, तर तिच्या जागी दुसरं नाव घालायला मालकाची संमती राहील, अशी ओळ करारात टाका. अनामत रोख देऊ नका. गटाच्या खात्यातून चेकने किंवा बँकेतून पाठवा आणि तो व्यवहार क्रमांक करारात लिहा. खाद्य परवान्याच्या अर्जाला जागेच्या ताब्याचा पुरावा लागतो, तेव्हा करारावरची नावं आणि परवान्यावरची नावं सारखीच ठेवा.

ताबा घ्यायच्या दिवशी मालकांसमोर गाळ्याच्या चारही भिंती, फरशी, छत, वीजमीटरचं रीडिंग, मागची बाजू आणि गच्ची यांचे फोटो काढा आणि त्याच क्षणी ते त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. भिंतीवर आधीचा काळा पट्टा असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्या. तीन वर्षांनी गाळा सोडताना रंगाचे पैसे कोणाकडून कापायचे, यावर बोलणं होईल तेव्हा हा फोटो दाखवता येतो.